एका पुरणपोळीचे चार व्हिडिओ

पुरणपोळीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की पुढचं काम बहुतेक जण घाईत उरकतात. त्याचे एकेक मिनिटाचे तुकडे पाडतात आणि सगळीकडे चिकटवतात. प्रत्येक तुकडा ‘नमस्कार मंडळी’नेच सुरू होतो, नाहीतर ‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’ म्हणत मध्येच उगवतो. पाहणाऱ्याला तेच ते वाटतं ते यामुळे.

तुकडे मिनिटांवरून न पाडता प्रश्नांवरून पाडावेत. व्हिडिओ एकदा शांतपणे पाहा आणि कुठल्या मिनिटाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, ते वहीत लिहा. पोळी लाटताना का फुटते? पुरण नीट आटलं, हे कसं ओळखायचं? किती डाळीला किती गूळ? उरलेल्या कटाचं काय करायचं?

आता प्रत्येक प्रश्नाचं घर वेगळं. फुटणाऱ्या पोळीचा शॉर्ट होईल. त्याची सुरुवात फुटलेल्या पोळीनेच करा, नमस्कार नको. मग पुरणात उलथनं उभं करून दाखवा. ते आडवं पडलं तर पुरण अजून सैल आहे, एवढंच सांगून चाळीस सेकंदांत थांबा. शॉर्टला मूळ व्हिडिओ जोडायची सोय यूट्यूबवर आहे, ती वापरा. प्रमाण मात्र हलत्या चित्रात कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यासाठी इन्स्टाग्रामवर चार-पाच चित्रांची पोस्ट करा. लोक ती जपून ठेवतात आणि सणाला उघडतात. कटाच्या आमटीचं स्वतंत्र रील होतं. व्हॉट्सअॅपच्या नातेवाइकांच्या गटात तर लिहिलेली कृतीच चालते.

खरी मेहनत वाचते ती चित्रीकरणाच्या वेळी. आडव्या फुल एचडी चित्रातून उभा तुकडा कापला, तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात आणि मोठं केल्यावर चित्र धूसर दिसतं. फोरकेमध्ये घेतलं तर १२१५ उरतात, म्हणजे पुरेसे. परात आणि हात चौकटीच्या मधोमध ठेवा. प्रत्येक टप्प्याआधी एक पूर्ण वाक्य बोला, ‘हे असं करायचं’ऐवजी ‘पुरण गरम असतानाच वाटायचं’. असं वाक्य कुठेही कापलं तरी अर्थ राखतं. उभ्या चित्रात तळाशी शीर्षक आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून अक्षरं मध्याच्या थोडी वर लिहावीत.

आणखी एक. एका अॅपवरून उतरवलेला, त्याचं चिन्ह उमटलेला व्हिडिओ दुसरीकडे टाकू नका; अशा व्हिडिओंची शिफारस इन्स्टाग्राम कमी करतं. एडिटिंग अॅपमधली स्वच्छ प्रत जपून ठेवा.

हे चारही एकाच दिवशी टाकू नयेत. दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. आणि वहीत पाचवा प्रश्न सापडला नाही, तर पाचवा तुकडा काढू नका.