झाकणावरचा प्रकाशाचा पट्टा : घासलेल्या धातूवर चकाकी ताणली कशी जाते

मंडळी, टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. एक गुळगुळीत पॉलिश केलेली स्टीलची वाटी. दुसरी, एकाच दिशेने पॉलिश पेपरने घासलेली पत्र्याची पट्टी. आणि तिसरं, पातेल्याचं सपाट झाकण, ज्यावर गोल गोल बारीक रेषा आहेत. समोर दिवा एकच आहे. वाटीवर त्याचा छोटा, नेमका ठिपका दिसतो. पट्टीवर तोच दिवा लांबट, पुसल्यासारखा दिसतो. आणि झाकणावर? तिथे मध्यबिंदूतून दोन्ही बाजूंना निघणारा, कडेला रुंद होत गेलेला, पतंगाच्या दोन पंखांसारखा पट्टा दिसतो.

धातू तोच, दिवा तोच. फरक आहे तो रेषांचा, खरं तर रेषांच्या दिशेचा. दिशा बदलली की वागणूक बदलणाऱ्या अशा पृष्ठभागाला अ‍ॅनायसोट्रॉपिक म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

आता या पट्टीवरच्या एकाच चऱ्याकडे बघू. हा चरा म्हणजे अर्धगोल तळाची लांबच लांब पन्हळ समजा. लांबीच्या दिशेने तो जवळजवळ सरळ आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे त्या दिशेने प्रकाश आरशासारखाच परततो. आडव्या दिशेने मात्र तो वाकलेला आहे. तिथे पृष्ठभागाचा प्रत्येक कण वेगळ्या बाजूला तोंड करून बसलाय, म्हणून प्रकाश पंख्यासारखा पसरतो.

हे घरी बघायचं असेल तर लोकरीचं विणकाम करायची चकचकीत धातूची सुई घ्या आणि तिच्यावर लेझर पॉइंटरचा किरण टाका. (डोळ्यांत जाऊ देऊ नका, सुई भिंतीकडे धरा.) परतलेला प्रकाश ठिपका म्हणून येत नाही, भिंतीवर एक कमान उमटते. सुईशी येणारा किरण जो कोन करतो, तोच कोन करून परतणारे सगळे किरण निघतात आणि त्यांचा मिळून एक शंकू होतो. भिंतीवरची कमान म्हणजे त्या शंकूचा छेद. घासलेला पत्रा म्हणजे अशा हजारो सुया शेजारी शेजारी ठेवलेल्या.

म्हणून पहिला नियम : चकाकी ताणली जाते ती चऱ्यांच्या आडव्या दिशेने, चऱ्यांच्या बाजूने नाही. लोकांना बरोबर उलटं वाटतं. रेषा उभ्या आहेत तर चकाकीही उभी असणार, असं मन म्हणतं. लिफ्टमध्ये शिराल तेव्हा बघा. भिंतींवर उभे चरे असतील तर दिव्याची चकाकी डावी-उजवीकडे पसरलेली असते. चरे आडवे असतील तर ती छताकडून जमिनीकडे ओघळते.

*(श्रोत्यांमधून प्रश्न : पावसात ओल्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे लांब दिसतात, ते हेच का?)*

छान विचारलंत. नाही, ते हे नाही. रस्त्याला दिशा नसते. तिथे आपण फार तिरकं बघतो, म्हणून ठिपका आपल्याकडे ओढला जातो. ओळखायची खूण सांगतो. वस्तू तिच्या जागी फिरवा. पट्टी नव्वद अंशांत फिरवली की चकाकीही तिच्याबरोबर फिरते. ओल्या रस्त्याचा तुकडा कापून फिरवला, तर काहीच बदलणार नाही.

पण हीच परीक्षा झाकणाला लावा, म्हणजे गंमत दिसेल. मी ते मध्यावर धरून गरागरा फिरवतो. बघा, पट्टा जागचा हलत नाही. मग हे अ‍ॅनायसोट्रॉपिक नाही का? आहे. झाकण फिरलं तरी प्रत्येक जागी चऱ्याची दिशा तीच राहते, कारण एक चरा गेला तर त्याच दिशेचा दुसरा तिथे येतो. म्हणजे चकाकी वस्तूला चिकटलेली नाही, त्या-त्या बिंदूपाशी असलेल्या दिशेला चिकटलेली आहे. त्या दिशेला आपण शाळेतलंच नाव देऊ : स्पर्शिका. गोल चऱ्याची स्पर्शिका, त्रिज्येला काटकोनात.

आता हा पट्टा गणिताने काढू. प्रकाशाची दिशा `L`, डोळ्याची दिशा `V`, स्पर्शिका `T`. आपण पाहिलेल्या शंकूची अट एका ओळीत मावते : `T·(L+V) = 0`. म्हणजे दिवा आणि डोळा यांच्या बरोबर मधली जी दिशा आहे, तिला स्पर्शिका काटकोनात असेल तरच तो बिंदू उजळतो. या मधल्या दिशेला `H` म्हणू.

झाकण टेबलावर सपाट आहे, दिवा आणि डोळा दोन्ही बऱ्यापैकी लांब आहेत. मग `H` झाकणावर सगळीकडे एकच. मध्यापासून `(x, y)` या जागी स्पर्शिका आहे `(-y, x)` या दिशेने. अट लावली की `x·Hy - y·Hx = 0` असं उरतं. हे मध्यातून जाणाऱ्या सरळ रेषेचं समीकरण आहे! झाकण वर्तुळाकार, चरे वर्तुळाकार, आणि चमकतं काय, तर सरळ रेषा. तुम्ही बरोबर वरून बघत असाल तर ती रेषा दिव्याच्या दिशेने रोखलेली असते आणि मध्याच्या पलीकडेही तेवढीच जाते.

मग ती रेषा न राहता पंख का होतात? कारण चरे लांबीच्या दिशेनेही पूर्ण गुळगुळीत नसतात. इथे खडबडीतपणाचे दोन आकडे लागतात, एक चऱ्याच्या बाजूने आणि एक आडवा. ग्रेगरी वॉर्ड यांनी १९९२ साली खऱ्या पृष्ठभागांची मापं घेऊन यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. त्याचा गाभा एवढाच :

```
vec3 T = normalize(vec3(-p.y, p.x, 0.0));
vec3 B = cross(N, T);
float a = dot(H, T) / 0.05;
float b = dot(H, B) / 0.4;
float c = dot(H, N);
float s = exp(-(a*a + b*b) / (c*c));
```

`N` म्हणजे झाकणाला लंब दिशा. बाजूने ०.०५ आणि आडवा ०.४ हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. समजा तुम्ही बरोबर वरून बघताय आणि खिडकीचा प्रकाश लंबापासून ६० अंश कललेला आहे. मधली दिशा ३० अंश कलते. पट्ट्याच्या मधोमध `s` येतो साधारण ०.१२५. रेषेपासून सुमारे ४ अंश बाजूला गेलात की तो निम्मा होतो. म्हणजे पट्टा दोन्हीकडचा मिळून साधारण ८ अंशांचा. लक्षात घ्या, रुंदी अंशांत ठरते, मिलिमीटरमध्ये नाही. मध्यापासून २ सेंटिमीटरवर तो जेमतेम ३ मिलिमीटर आणि १० सेंटिमीटरवर जवळजवळ दीड सेंटिमीटर. झाले पंख.

दोन्ही आकडे सारखे केले, समजा ०.१४, तर त्याच जागी `s` दहा कोटी भागांत काही भाग इतका उरतो. म्हणजे काहीच दिसणार नाही. साध्या परावर्तनाने जिथे प्रकाश पोहोचलाच नसता तिथे तो चऱ्यांमुळे पोहोचतो.

संगणकावर हे करताना चूक होते ती बहुतेक वेळा याच `T` मध्ये. वरच्या सूत्रात `T` चऱ्याच्या बाजूने आहे आणि त्याच्या वाट्याला लहान आकडा आहे. पण डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ साली मांडलेल्या आणि पुढे सगळीकडे पसरलेल्या पद्धतीत मोठा आकडा स्पर्शिकेच्या वाट्याला येतो, म्हणजे चकाकी स्पर्शिकेच्या बाजूने ताणली जाते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त एकमेकांना काटकोनात. ब्लेंडरमध्ये तर एकाच सॉफ्टवेअरच्या दोन नोड्समध्ये हा ९० अंशांचा फरक होता, आणि `Rotation` मध्ये ०.२५ मिळवा अशी सूचना मॅन्युअलमध्येच दिलेली होती. तिथे १ म्हणजे पूर्ण फेरा, म्हणून पाव म्हणजे काटकोन.

ही चूक नुसती दिसण्याची नाही. लिफ्टच्या भिंतीचं चित्र बघून गिऱ्हाईक म्हणतं, "चकाकी अशी उभी ओघळलेली हवी." चित्रात दिशा उलटी असेल तर कारखान्यात पत्रा उलट्या दिशेने कापला जातो, आणि कापलेला पत्रा फिरवून बसवता येत नाही, मापच जुळत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक सवय लावतो. चित्र कितीही गुंतागुंतीचं असो, आधी एक सपाट गोल तबकडी ठेवायची, कॅमेरा बरोबर वर, दिवा एकच, बाजूला. पट्टा दिव्याकडे रोखलेला असेल तर दिशा बरोबर. पट्टा दिव्याला आडवा पडला तर स्पर्शिका काटकोनात चुकली आहे. आकडे बदलत बसू नका, आधी दिशा फिरवा.

दुसरी अडचण जास्त लबाड आहे. वस्तू वेडीवाकडी असली की चऱ्यांची दिशा एका टेक्स्चरमध्ये साठवतात. सोपं वाटतं म्हणून कोण अंशांत साठवला जातो. आता शेजारच्या दोन ठिपक्यांत १७९ आणि १ हे कोण आहेत. चरे जवळजवळ समांतर आहेत, कारण चऱ्याला पुढचं-मागचं टोक नसतं, १८० अंश आणि ० अंश म्हणजे एकच चरा. पण संगणक मधल्या जागी सरासरी काढतो : ९०. बरोबर काटकोन! परिणामी छान घासलेल्या पृष्ठभागावर एक बारीक उलटी चकाकणारी शिवण उमटते. लोक मॉडेलमध्ये भेग शोधत बसतात, आणि भेग तिथे नसतेच.

उपाय असा : कोण दुप्पट करायचा आणि त्याचे `cos` व `sin` साठवायचे. १७९ चे होतात ३५८, १ चे होतात २. वर्तुळावर हे शेजारी शेजारी आहेत, सरासरी ० कडे येते, आणि निम्मं केलं तरी ०. शिवण गेली. वर एक फायदा फुकट मिळतो. चरे एकमेकांशी जुळत नसतील तिथे या सरासरीची लांबी १ पेक्षा कमी येते, आणि तेवढ्या प्रमाणात ताण कमी करता येतो.

राहिला झाकणाचा मध्य. तिथे `x` आणि `y` दोन्ही शून्य, म्हणजे स्पर्शिकाच नाही, आणि `normalize` शून्याने भागायला जातं. चित्रात तिथे काळा किंवा लखलखता ठिपका दिसतो. मॉडेलचे त्रिकोण मध्याच्या एकाच बिंदूत मिळत असतील आणि स्पर्शिका कोपऱ्यांवरून सरासरीने काढलेली असेल, तर पट्टा मध्याजवळ मोडून तुकड्या-तुकड्यांचा होतो. म्हणून स्पर्शिका प्रत्येक पिक्सेलला जागेवरून काढावी, वर लिहिली तशी, आणि शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये दोन्ही आकडे हळूहळू सारखे करत न्यावेत. झाकणाच्या बाबतीत हा त्रास सहसा वाचतो, कारण बरोबर त्याच जागी झाकणाची मूठ बसवलेली असते. कढईच्या तळाला मात्र तो सोडवावाच लागतो.