एका पहाटेचा हल्ला, रोजचा गोंगाट

24 फेब्रुवारी 2022. रशियन सैन्य युक्रेनच्या सीमा ओलांडत होते, त्याच सुमारास, कीवच्या घड्याळात पहाटेचे पाच वाजून गेल्यावर लगेच, ‘केए-सॅट’ या उपग्रहाच्या इंटरनेट सेवेत काहीतरी बिघडू लागले. युक्रेनमधल्या काही मोडेममधूनच जाळ्यावर बनावट माहितीचा लोंढा सुरू झाला आणि बाकीच्या ग्राहकांना जोडणी टिकवणे कठीण झाले. हे पहिले पाऊल होते. खरा घाव तासाभराने बसला. सव्वासहाच्या सुमारास मोडेम एकामागून एक जाळ्यातून बाहेर पडू लागले, आणि एकदा बाहेर पडलेले मोडेम परत आलेच नाहीत.

ही सेवा अमेरिकेच्या ‘व्हायासॅट’ कंपनीच्या मालकीची होती. युक्रेनचे सैन्य आणि पोलीसही ती वापरत. उपग्रहाला कोणी हात लावला नव्हता, जमिनीवरच्या केंद्रांनाही नाही. कंपनीच्या तपासात जे निघाले ते असे. जाळ्याच्या व्यवस्थापनासाठी दूरवरून आत येण्याचा जो व्हीपीएन मार्ग असतो, त्याच्या एका उपकरणाची मांडणी चुकलेली होती. हल्लेखोर तिथून आत शिरले, सरकत सरकत मोडेमना आज्ञा देणाऱ्या भागापर्यंत पोहोचले, आणि तिथून हजारो मोडेमना एकाच वेळी आज्ञा सोडल्या. एरवी कंपनीचे तंत्रज्ञ देतात, त्याच जातीच्या आज्ञा. त्यांनी मोडेमच्या फ्लॅश मेमरीतला महत्त्वाचा भाग पुसून टाकला. यंत्र जळाले नाही, फुटले नाही, पण जाळ्याशी जोडून घ्यायचे कसे हेच ते विसरले. कंपनीला जवळपास 30 हजार नवी मोडेम वितरकांकडे पाठवावी लागली.

लक्ष्य युक्रेन होते, तरी आज्ञा देशाच्या सीमेवर थांबल्या नाहीत. युरोपभरातले हजारो ग्राहक तुटले. जर्मनीच्या ‘एनरकॉन’ कंपनीच्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांवर दूरवरून देखरेख ठेवणारा दुवा गेला. चक्क्या फिरत राहिल्या, वीजही देत राहिल्या, पण कुठल्या चक्कीत काय बिघडले हे मुख्यालयाला कळेनासे झाले. सायबर शस्त्राचा हा स्वभावच म्हणायला हवा. तोफगोळा कुठे पडेल याचा अंदाज बांधता येतो, आज्ञा किती यंत्रांपर्यंत जाईल याचा नाही.

हे कोणी केले हे कसे कळले? मार्चमध्ये ‘सेंटिनेलवन’ या सुरक्षा कंपनीच्या अभ्यासकांना इटलीतून तपासणीसाठी चढवलेली एक फाइल सापडली. तिचे नाव होते ukrop. मोडेम आणि राउटर पुसण्यासाठीच लिहिलेला तो प्रोग्रॅम होता, आणि अभ्यासकांनी त्याला ‘ॲसिडरेन’ म्हटले. 10 मे रोजी युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिकेने रशियावर उघड ठपका ठेवला. दहा-अकरा आठवड्यांत इतके स्पष्ट उत्तर मिळणे दुर्मीळ असते. आपल्याकडचा अनुभव आठवून पाहा. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. पुढच्या वर्षी ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी संस्थेने भारतीय वीजयंत्रणेत चिनी गटाची घुसखोरी आढळल्याचे सांगितले. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हेच कारण दिले. वीज का गेली याबद्दल दोन सरकारांचे एकमत होऊ नये, यातच या हल्ल्यांची एक ताकद आहे. बिघाड आणि घाव वरून सारखेच दिसतात.

आता प्रश्न असा, की एवढ्या तयारीच्या हल्ल्याने रशियाला युद्धात काय मिळवून दिले? पहिल्या काही तासांचा गोंधळ, नक्कीच. पण थोड्याच दिवसांत युक्रेनमध्ये स्टारलिंकच्या थाळ्या पोहोचू लागल्या, आणि व्हायासॅटचे ते दार पुन्हा वापरता येण्यासारखे राहिले नाही. सायबर हल्ल्याची तयारी महिनोन् महिने चालते, तो बहुधा एकदाच उडवता येतो, आणि उडवला की भोक बुजवले जाते. ‘कीवस्टार’ हे युक्रेनचे सर्वांत मोठे मोबाइल जाळे 12 डिसेंबर 2023 ला कोसळले. युक्रेनच्या सुरक्षा सेवेच्या म्हणण्यानुसार हल्लेखोर किमान त्या वर्षीच्या मेपासून आत होते. सात महिन्यांच्या दबा धरण्याचे फळ म्हणजे काही दिवसांचा मुकेपणा. लोकांचे हाल झाले, पण आघाडी हलली नाही. म्हणूनच मला वाटते की या युद्धात सायबर हल्ला हे ठरावीक तारखेचे शस्त्र ठरले, आणि रोजची लढाई गेली ती दुसऱ्याच गोष्टीकडे, जॅमिंगकडे.

जॅमिंगमध्ये कोणाच्या संगणकात शिरायचे नसते. समोरच्याचा रेडिओ ज्या वारंवारतेवर ऐकतो आहे, तिथे त्याच्या कानाशी मोठा आवाज करायचा, एवढेच. जत्रेत ढोल-ताशा वाजू लागला की शेजारच्याचेही बोलणे ऐकू येत नाही, तसे. ढोल कुठे वाजतो आणि ऐकणारा किती दूर आहे, यावर सगळे अवलंबून.

खंदकावर येणारा एफपीव्ही ड्रोन घेऊ. गॉगल लावलेला चालक समजा 8 किलोमीटर मागे बसला आहे. त्याची आज्ञा 1 वॅट शक्तीने निघते. ज्या गाडीवर ड्रोन चालून येतो, तिच्यावर 10 वॅटचा जॅमर आहे. दहापट शक्ती, म्हणजे जॅमरच जिंकणार असे वाटेल. पण चालकाची आज्ञा नेमकी कुठल्या वारंवारतेवर आहे हे जॅमरला माहीत नसते. ती सतत उड्या मारत असते, म्हणून त्याला आपली शक्ती सगळ्या पट्ट्यावर पसरावी लागते. आज्ञा 1 मेगाहर्ट्झमध्ये मावते आणि जॅमर 100 मेगाहर्ट्झ व्यापतो असे धरले, तर आज्ञेच्या वाट्याला येणारा गोंगाट उरतो दशांश वॅटचा. अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाईवर येते, हा नियम लावला तर ड्रोन गाडीपासून अडीच किलोमीटरवर असताना दोन्ही आवाज सारखे होतात. आजचे रिसीव्हर आपल्याहून दहापट मोठ्या गोंगाटातूनही आज्ञा ओळखतात असे धरा. मग दुवा तुटतो तो साधारण 800 मीटरवर.

ताशी 100 किलोमीटर वेगाने हे अंतर अर्ध्या मिनिटाचे आहे. तेवढ्यात आज्ञेविना ड्रोन भरकटतो, खाली पडतो. पण जॅमर लहान असला, किंवा त्याचा पट्टा ड्रोनच्या वारंवारतेला चुकला आणि दुवा शेवटच्या 50 मीटरवर तुटला, तर दोन सेकंदांत ड्रोन आपल्याच वेगाने येऊन आदळतो. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती चौपट करावी लागते, म्हणजे बॅटरी जड आणि यंत्र गरम. सैनिकाच्या पाठीवरच्या जॅमरला म्हणूनच मर्यादा आहे.

एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. आज्ञा ऐकणारा रिसीव्हर ड्रोनवर असतो, पण चित्र पाहणारा रिसीव्हर चालकाकडे, 8 किलोमीटर दूर. गाडीवरचा जॅमर त्या चित्राचे फारसे बिघडवू शकत नाही. त्यामुळे अनेकदा चालकाला लक्ष्य स्वच्छ दिसत असते आणि ड्रोन मात्र हाताला लागत नाही. उलट घडते तेव्हा, म्हणजे चित्रात ठिपके पडू लागतात तेव्हा, बहुतेक वेळा ड्रोन खाली उतरला आहे आणि मध्ये टेकडी किंवा झाडी आली आहे, हे मुरलेला चालक ओळखतो. त्यासाठी मागे उंचावर दुसरा ड्रोन तरंगत ठेवून त्याच्यामार्फत लहरी फिरवतात. आणि हे चित्र सहसा ॲनालॉग, कोणीही पकडावे असे असते. युक्रेनच्या सैनिकांकडे ‘चुयका’ नावाचे छोटे उपकरण आहे. त्याच्या पडद्यावर शत्रूच्या ड्रोनला जे दिसते ते दिसते. त्यात स्वतःचाच खंदक जवळ येताना दिसला, की लपायला काही सेकंद मिळतात. हे वाचतानाही अंगावर काटा येतो, पण त्या काही सेकंदांनी माणसे वाचली आहेत.

मोठ्या यंत्रांची गोष्ट वेगळी. रशियाने झितेल, बोरिसोग्लेब्स्क, पोल-21 अशी वाहनांवरची आणि मनोऱ्यांवरची यंत्रे आघाडीच्या मागे पसरली. ब्रिटनच्या ‘रूसी’ या संरक्षण अभ्यास संस्थेने 2023 मध्ये नोंदवले, की आघाडीच्या साधारण दर 10 किलोमीटरमागे असे एक मोठे यंत्र आहे आणि युक्रेन महिन्याला सुमारे 10 हजार ड्रोन गमावतो आहे. सर्वांत मोठा फटका बसला जीपीएसवर चालणाऱ्या अस्त्रांना. जीपीएसचा उपग्रह 20 हजार किलोमीटरवरून बोलतो, तर जॅमर 20 किलोमीटरवरून. उपग्रहाचा अँटेना आपली शक्ती पृथ्वीकडे एकवटतो हे हिशेबात घेतले, तरी 10 वॅटचा गोंगाट जीपीएसपेक्षा हजारो पटींनी मोठा भरतो. अमेरिकेचा एक्सकॅलिबर हा जीपीएसच्या आधाराने जाणारा महागडा तोफगोळा सुरुवातीला अचूक ठरला होता. नंतर त्याची यशस्विता 10 टक्क्यांखाली घसरल्याचे युक्रेनच्या अंतर्गत पाहणीत दिसले, आणि 2024 मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली.

जॅमर लपून राहू शकत नाही, हे त्याचे दुखणे. जितका मोठा आवाज, तितका शोधायला सोपा. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजली की जागा कळते आणि तोफा तिकडे वळतात. आपल्याच ड्रोनचे दुवेही तो तोडतो, म्हणून अमुक वेळेत जॅमर बंद, अमुक वेळेत चालू, अशी आखणी आपसांत करावी लागते. ती चुकली की स्वतःचेच ड्रोन पडतात.

या सगळ्याला 2024 मध्ये एक अगदी साधे उत्तर आले. ड्रोनच्या पोटाशी केसासारख्या बारीक ऑप्टिकल फायबरचे रीळ बसवले. ड्रोन उडत जातो तसा धागा मागे सुटत राहतो, चित्र आणि आज्ञा त्यातूनच जातात. रेडिओच नाही तर जॅम काय करणार? रशियाने कुर्स्कच्या लढाईत हे ड्रोन मोठ्या प्रमाणात वापरले, नंतर युक्रेननेही. त्यांची किंमत वेगळ्या प्रकारे चुकवावी लागते. रिळाच्या वजनामुळे स्फोटक कमी नेता येते, वळणे जपून घ्यावी लागतात, धागा फांदीत अडकून तुटतो. कडक जॅमिंगच्या भागात मात्र हा तोटा परवडतो. डोनबासच्या शेतांवर आता असे धागे जाळ्यासारखे पसरलेले दिसतात.

हा गोंगाट आघाडीपुरता राहिलेला नाही. एप्रिल 2024 च्या अखेरीस फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणे महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती. त्याच वर्षी 25 डिसेंबरला अझरबैजान एअरलाइन्सचे विमान ग्रोझ्नीजवळ पोहोचले तेव्हा तिथले जीपीएस बिघडलेले होते. रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडलेले ते विमान शेवटी कझाकस्तानात अक्तावजवळ कोसळले आणि 38 जण दगावले. भारताच्या पश्चिम सीमेवरही हेच चालू आहे. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितले, की नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या 465 घटना नोंदल्या गेल्या. अशा वेळी वैमानिक जमिनीवरच्या रेडिओ दीपस्तंभांवर आणि विमानातल्या जायरोवर येतो. त्यामुळे जीपीएस आल्यावर जुनी झाली म्हणून काढून टाकायला निघालेली ही जमिनीवरची केंद्रे अनेक देश आता राखून ठेवू लागले आहेत.