ब्रा धुताना: इलॅस्टिक, तार आणि कप

ब्राचा आकार तीन गोष्टी धरून ठेवतात. छातीभोवती बसणारा पट्टा इलॅस्टिकचा असतो, कपाखाली कमानीसारखी तार असते आणि कपात फोमचा थर असतो. वजनाचा बहुतेक भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर नसून छातीभोवतीच्या पट्ट्यावर येतो, त्यामुळे तो सैल झाला की कप कितीही चांगले असले तरी ब्रा नीट बसत नाही. धुण्यामुळे होणारे नुकसान बहुतेकदा साबणाच्या पाण्यात होत नाही. ते होते घासताना, पिळताना आणि वाळत घालताना.

पट्ट्यातला ताण ज्या धाग्यामुळे येतो तो इलॅस्टेन, म्हणजेच स्पँडेक्स. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तो तयार केला आणि पुढे तो लायक्रा या नावाने घरोघरी पोचला. हा धागा स्वतःच्या लांबीच्या अनेक पट ताणला जातो आणि सोडला की परत येतो, पण उष्णता, क्लोरीनचे ब्लीच आणि अंगाचे तेल या तिन्हींनी तो हळूहळू कमजोर होतो. तेलाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘कमी धुतली तर जास्त टिकेल’ असे वाटून घामट ब्रा तशीच वापरत राहिल्यास घाम आणि तेल इलॅस्टिकमध्ये मुरते आणि ते लवकर ढिले पडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात म्हणूनच प्रत्येक वापरानंतर धुणे योग्य. थंडीत, घाम आलेला नसेल तर, दोन-तीनदा वापरून धुतली तरी चालते. मात्र एकच ब्रा रोज लागोपाठ घालू नये. मध्ये एक दिवस गेला की ताणलेले इलॅस्टिक पूर्ववत आखडते आणि कपही पूर्ण कोरडा होतो.

तार असलेली, फोमचे कप असलेली साधी टी-शर्ट ब्रा घेऊन धुण्याची पद्धत पाहू. आधी हुक लावून घ्यावेत, म्हणजे ते जाळीत किंवा लेसमध्ये अडकत नाहीत. अर्ध्या बादलीत पाच-सहा लिटर पाणी घ्यावे. ते हाताला गार किंवा जेमतेम कोमट लागले पाहिजे, तीस अंशांच्या वर नको. त्यात चमचाभर सौम्य द्रव डिटर्जंट आधी नीट विरघळवून मग ब्रा बुडवावी. कपड्यांच्या वडीने किंवा पावडरीने काम होत नाही असे नाही, पण त्या अल्कधर्मी असतात. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरट थर फोमच्या शिवणीत अडकून राहतो. रेशमी कापड असेल तर वडी आणि एन्झाइमचे डिटर्जंट दोन्ही वर्ज्य, कारण रेशीम प्रथिनाचे असते आणि डाग काढणारे ते एन्झाइम प्रथिनच विरघळवतात.

दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावी. मळ सगळीकडे सारखा नसतो, तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला, काखेखाली आणि कपाच्या खालच्या कडेला साठतो. एवढ्याच जागा बोटांच्या पेरांनी हलक्या चोळाव्यात. कप दोन्ही तळहातांमध्ये धरून हळू दाबून सोडला की साबणाचे पाणी फोममधून आरपार जाते. ब्रश लावल्यास कापडावर गोळे उठतात आणि फोमचा पातळ थर फाटतो. धोपटणे किंवा दगडावर आपटणे तर तारेला सोसतच नाही. पिवळट डाग असेल तर भिजवण्याचा वेळ अर्ध्या तासापर्यंत वाढवावा. क्लोरीनचे ब्लीच घालू नये, त्याने इलॅस्टेन खराब होतेच आणि नायलॉनही पिवळे पडू शकते. नंतर स्वच्छ पाणी दोन-तीनदा बदलून फेस पूर्ण जाईपर्यंत विसळावे. कपड्यांना मऊपणा देणारे कंडिशनर घालू नये, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम शोषून घेईनासे होते.

पिळणे ही खरी घातक पायरी आहे, आणि सवयीने हात आपोआप तिकडेच वळतात. पिळताना ओले, आधीच ताणलेले इलॅस्टिक आणखी खेचले जाते. तार मधून वाकते, आणि वाकलेली स्टीलची तार स्वतःहून सरळ होत नाही. तिच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते आणि ती कापडाच्या नळीत, घट्ट टाक्याआड बसवलेली असते. तार वळली की ते टोक रोज त्याच टाक्याला टोचत राहते आणि एक दिवस बाहेर येते. फोमचा कप दुमडून पिळला तर मध्ये पडलेली घडी वाळल्यावर तशीच राहते, कारण कपाचा आकार कारखान्यात उष्णतेने साच्यात बसवलेला असतो आणि घरी पुन्हा देता येत नाही. एक कप दुसऱ्यात उलटा बसवून ठेवल्यानेही हीच घडी पडते.

पाणी काढण्यासाठी स्वच्छ, कोरडा टॉवेल पसरून त्यावर ब्रा कप वर करून ठेवावी, टॉवेल गुंडाळावा आणि वरून तळहाताने दाबावे. बहुतेक पाणी टॉवेलमध्ये उतरते. मग बोटांनी कप आतून फुगवून, तारेची कमान पाहून, आकार सारखा करावा. वाळायला घातल्यावर तो तसाच पक्का होतो.

वाळवताना खांद्याच्या पट्ट्यांनी टांगू नये. ओल्या कपांचे वजन पट्ट्यांवर येऊन ते लांबतात. दोन कपांमधल्या पट्टीवरून दोरीला अडकवावी किंवा जाळीच्या स्टँडवर पालथी न घालता सपाट ठेवावी. कडक ऊन आणि ड्रायर दोन्ही टाळून सावलीत, वारा असेल तिथे वाळवावी. पावसाळ्यात हीटरजवळ किंवा इस्त्रीने वाळवण्याचा मोह होतो, तोही नको.

आपल्याकडे ब्रा परकराखाली किंवा टॉवेलखाली लपवून वाळवण्याची सवय खूप जुनी आहे. अशा झाकलेल्या ब्राचा फोम आतून दमट राहतो, कुबट वास येतो आणि पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके धरतात. त्वचेला खाज सुटण्याचेही हे एक कारण ठरते. बाहेर उघड्यावर घालायची नसेल तर खोलीत पंख्याखाली स्टँडवर, पण झाकण न घालता वाळवणे हा चांगला उपाय आहे.

मशीनमध्येच धुवायची वेळ आली तर हुक लावून, जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या चक्रावर, गार पाण्यात धुवावी आणि फिरवून वाळवण्याचा भाग बंद ठेवावा. जीन्स आणि चादरींबरोबर घालू नये, कारण त्यांच्या जड वेटोळ्यात तार सहज वाकते. तारेशिवायच्या सुती ब्राला ही काळजी कमी लागते.

कितीही जपले तरी इलॅस्टेन वापरानेच म्हातारे होते, आणि धुण्याची काळजी त्याचा वेग फक्त कमी करते. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसावी, म्हणजे पट्टा सैल होत गेला की आतल्या हुकांकडे सरकता येते. सगळ्यात आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर वर सरकत असेल, दोन बोटांपेक्षा बरेच जास्त अंतर सुटत असेल, किंवा त्याच्या कडा लाटेसारख्या वेड्यावाकड्या होऊन पांढरे बारीक धागे बाहेर आले असतील, तर धागा तुटला आहे. तारेचे टोक बाहेर आले असेल तर नळी शिवून ते आत बंद करता येते. मात्र तार स्वतःच वाकली असेल तर ती कितीही शिवली तरी टोचणारच, आणि ती ब्रा बदलावी लागते.