सपोर्टची रेघ आणि मनमानी रेघ

बाजाराचा कोणताही जुना चार्ट समोर घ्या आणि भाव जिथून दोनदा परतला तिथे आडवी रेघ मारा. ती हमखास बरोबर ठरते, कारण मारताना पुढचं सगळं डोळ्यांसमोर असतं. भावाने सहज ओलांडलेल्या जागी आपण रेघ मारतच नाही. त्यामुळे ‘सपोर्टवर घ्या, रेझिस्टन्सवर विका’ हा सल्ला चार्टवर खरा दिसतो. पण तो चार्ट उरलेल्या रेघांचा असतो, फसलेल्या रेघा त्यावर नसतात.

म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो: ही रेघ भावाला कुठेही मारलेल्या रेघेपेक्षा जास्त वेळा अडवते का? कॅरोल ऑसलर या अर्थतज्ज्ञ बाईंनी हा प्रश्न चलनबाजाराला विचारला आणि 2000 साली न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या नियतकालिकात उत्तर छापलं. सहा संस्था आपल्या ग्राहकांना रोज सकाळी डॉलरसमोर येन, मार्क आणि पौंड यांच्या सपोर्ट-रेझिस्टन्स पातळ्या कळवत. पातळ्या आधीच लिहून दिलेल्या असल्याने नंतर रेघ सरकवायला वावच नव्हता. ऑसलरबाईंनी त्यांच्या जोडीला संगणकाकडून मनमानी पातळ्यांचे दहा हजार संच बनवले. भाव पातळीला टेकल्यानंतर पंधरा मिनिटांनी तो आलेल्या बाजूलाच असला, तर ‘परतला’ असं धरलं. खऱ्या पातळ्यांवरून तो सुमारे 60 टक्के वेळा परतला. मनमानी पातळ्यांवरूनही सुमारे 56 टक्के वेळा परतला!

हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पातळ्यांमध्ये काहीतरी होतं, हे नक्की. पण ‘शंभरात साठ वेळा रेघ चालली’ यातल्या छप्पन्न वेळा कोणतीही रेघ चालली असती. कोणती पातळी मजबूत, कोणती कमकुवत, हेही काही संस्था सांगत. त्या शेऱ्यांचा मात्र परतण्याशी संबंध दिसला नाही.

आपल्याकडे हल्ली रेघांची जागा व्हॉल्यूम प्रोफाइलने घेतली आहे. त्याचा पूर्वज म्हणजे पीटर स्टायडलमायर यांनी शिकागोच्या वायदेबाजारात 1980च्या दशकात रूढ केलेला मार्केट प्रोफाइल. कोणत्या वेळी किती सौदे झाले याऐवजी कोणत्या भावाला किती झाले, हे व्हॉल्यूम प्रोफाइल दाखवतं. सर्वाधिक सौद्यांचा भाव म्हणजे पॉइंट ऑफ कंट्रोल, आणि त्याभोवतीचा सुमारे 70 टक्के सौद्यांचा पट्टा म्हणजे व्हॅल्यू एरिया. पट्ट्याच्या कडा सपोर्ट-रेझिस्टन्स म्हणून वापरतात. इथे रेघ हाताने नाही, हिशोबाने मारली जाते, हा मोठा फायदा आहे. तरीही हिशोब कोणता, हे आधी ठरवावंच लागतं.

निफ्टी फ्युचर्सचा एक काल्पनिक दिवस घेऊ. निर्देशांकाला स्वतःचे सौदे नसतात, म्हणून फ्युचर्स. दहा-दहा अंकांचे खण पाडले आणि 24,900 पासून 24,970 पर्यंतच्या खणांत एकूण सौद्यांचे अनुक्रमे 4, 9, 17, 24, 19, 12, 8 आणि 7 टक्के पडले. पॉइंट ऑफ कंट्रोल 24,930 च्या खणात आला. आता शेजारच्या दोन खणांतला मोठा घेत एकेक खण वाढवू. वरचे 19 मिळून 43 झाले, खालचे 17 मिळून 60, वरचे 12 मिळून 72. सत्तरी ओलांडली आणि खालची कड 24,920 ठरली. पण जुन्या पद्धतीत एका बाजूचे दोन खण एकदम घेतात. वरचे दोन मिळून 31 आणि खालचे दोन मिळून 26, म्हणून आधी वरचे घेऊन 55 झाले. मग वर उरलेल्या दोघांचे फक्त 15, म्हणून खालचे 26 घेऊन 81. खालची कड आता 24,910! आकडे तेच, सॉफ्टवेअर वेगळं, आणि सपोर्ट दहा अंकांनी खाली.

चाचणीचा नियम म्हणून शब्दन् शब्द लिहून ठेवावा लागतो. समजा, प्रोफाइल फक्त कालच्या सत्राचं असेल. आजचा पॉइंट ऑफ कंट्रोल बाजार बंद झाल्यावरच पक्का होतो. तो सकाळच्या सौद्यासाठी वापरला, तर चाचणीत भविष्य शिरलं म्हणायचं. बाजार कालच्या खालच्या कडेच्या वर उघडला आणि भाव पहिल्यांदा त्या कडेला टेकला, तर खरेदी. स्टॉपलॉस 20 अंक खाली, टार्गेट 20 अंक वर. एकाच मिनिटाच्या कॅन्डलमध्ये दोन्ही लागले तर तोटा धरायचा, कारण आधी काय लागलं ते कळायला मार्ग नसतो.

स्टॉपलॉस आणि टार्गेट सारखेच ठेवण्यामागे कारण आहे. भाव नुसता दिशाहीन भटकत असला तरी, स्टॉपलॉस 40 आणि टार्गेट 20 ठेवलं की तीनपैकी दोन सौदे जिंकले जातात. तिसरा सौदा सगळं परत नेतो, ही गोष्ट वेगळी. ‘माझी रेघ 67 टक्के चालते’ असं कोणी सांगितलं, तर आधी ही दोन अंतरं विचारावीत.

पुढची पायरी ऑसलरबाईंचीच, मनमानी रेघांची. पण त्या बाजाराच्या आवाक्याबाहेर मारून उपयोग नाही. कड उघडण्याच्या भावापासून किती दूर होती, हे आदल्या दिवसाच्या उच्चांक-नीचांकातल्या फरकाच्या प्रमाणात प्रत्येक दिवसासाठी मोजायचं. मग ही अंतरं पत्त्यांसारखी पिसून दिवसांना पुन्हा वाटायची आणि त्या खोट्या कडांवर तोच नियम चालवायचा. असं हजारदा केलं की मनमानी रेघांच्या यशाचा पल्ला कळतो. खरी कड त्याच्या आतच असेल, तर प्रोफाइलने काहीही दिलेलं नाही.

समजा, खरी कड 53 टक्के यशस्वी ठरली आणि मनमानी रेघा सरासरी 50 टक्के. तीनशे स्पर्शांच्या नमुन्यात तीन टक्क्यांचं हेलकावणं निव्वळ योगायोगानेही सहज होतं. हा फरक खात्रीने ओळखायला अकराशेच्या आसपास स्पर्श लागतात. वर्षाला साधारण 250 सत्रं, आणि रोज स्पर्श होतोच असं नाही. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळाचा मिनिटागणिक डेटा हवा.

आणि फरक खरा निघाला तरी? 53 टक्क्यांना दर सौद्यामागे सरासरी 1.2 अंक सुटतात. ऑक्टोबर 2024 मध्ये फ्युचर्सच्या विक्रीवरचा व्यवहार कर 0.02 टक्के झाला. 25,000 च्या निफ्टीवर तो एकटाच तेव्हा पाच अंकांचा होत असे. त्या दराने नुसती बरोबरी साधायलाही 62.5 टक्के यश लागत असे, दलाली आणि भावातली घसर तर धरलेलीच नाही. ‘सेबी’च्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सचा तोटा झाला. ते वाचताना मला हा पाच अंकांचा हिशोब आठवतो.

कड टिकली नाही की हात शिवशिवतात. 70 ऐवजी 68 टक्के, दहाऐवजी पाचचे खण, फक्त दुपारपर्यंतचे सौदे. अशा चाळीस जोड्या तपासल्या, तर त्यातल्या एक-दोन निव्वळ योगायोगानेही चमकतात. म्हणून डेटाची शेवटची दोन वर्षं सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवायची, आणि निवडलेला एकच नियम त्यांवर एकदाच चालवायचा. दुसऱ्यांदा चालवला की ती वर्षंही निवडीचाच भाग होतात.