ट्रोपोनिन निगेटिव्ह, तरीही हार्ट अटॅक

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला परीक्षक हमखास विचारतात अशी ही केस. ५२ वर्षांचे गृहस्थ, मधुमेह आहे, तंबाखूची सवय आहे. पहाटे छातीवर दडपण आलं, दरदरून घाम फुटला, एक उलटी झाली. घरच्यांनी ॲसिडिटी समजून सोडा पाजला. दीड तासाने ते ग्रामीण रुग्णालयात पोचले. ट्रोपोनिनची पट्टी निगेटिव्ह आली. आता काय करणार?

‘तीन तासांनी पुन्हा तपासू’ म्हणणारा विद्यार्थी इथेच अडकतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी मरू लागल्या की ते रक्तात झिरपतं, पण साध्या पट्टीवर दिसण्याइतकं साचायला तीन-चार तास जातात. दीड तासाच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून अटॅक नाही असं म्हणताच येत नाही.

निर्णय ईसीजीवर होतो आणि तो रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत काढायचा असतो. या गृहस्थांच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटीची रेघ वर उचललेली आहे. म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा गुठळीने तुंबलाय. ईसीजी इतका स्पष्ट असताना रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. रेघ उचललेली नसेल तेव्हा मात्र ट्रोपोनिन पुन्हा तपासून ते चढतंय का, हे पाहावंच लागतं.

ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन चावून खायला द्यायचं, साधारण ३०० मिलिग्रॅम, सोबत क्लोपिडोग्रेल. ऑक्सिजन मात्र सरसकट नाही, पातळी ९० टक्क्यांखाली गेली तरच.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटची घाई इथे अंगाशी येऊ शकते. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधी कधी उजवा कप्पाही सापडतो. रक्तदाब ९०च्या आसपास, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसं स्वच्छ, असं दिसलं की संशय घ्यावा आणि छातीच्या उजव्या बाजूने ईसीजी काढावा. अशा रुग्णाचा रक्तदाब त्या गोळीने एकदम कोसळतो.

मग गुठळीकडे वळायचं. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच उत्तम. इथून कॅथलॅब साडेतीन तासांवर आहे. म्हणून मेंदूत पूर्वी रक्तस्राव किंवा अलीकडे पक्षाघात झालेला नाही ना, हे विचारून वजनानुसार टेनेक्टेप्लेज शिरेतून द्यायचं, हेपॅरिन सुरू करायचं आणि लगेच अँब्युलन्स बोलवायची. तास-दीड तासात ईसीजीची उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली नाही, तर गुठळी विरघळलेली नाही असं धरून तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागते.

परीक्षकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चौथ्या दिवशी पुन्हा छातीत दुखलं तर? पहिल्या अटॅकचं ट्रोपोनिन आठ-दहा दिवस रक्तात रेंगाळतं, त्यामुळे नुसतं पॉझिटिव्ह येऊन काही कळत नाही. सीके-एमबी दोन-तीन दिवसांत उतरतं; ते पुन्हा चढलं तर नवा अटॅक. ती सोय नसेल तर काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनचे दोन नमुने घ्यायचे आणि आकडा २० टक्क्यांहून अधिक वाढतो का, ते बघायचं.