रात्री साडेआठचा मेसेज

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडकडून पेठेत वळणाऱ्या रस्त्यावर मावशींचा भाजीचा गाळा आहे. गाळा म्हणजे चार बांबू, वर निळी ताडपत्री आणि खाली ओलं गोणपाट. गेली पंधरा-सोळा वर्षं त्या तिथेच बसतात. मी पाच-सहा वर्षांपासून त्यांच्याकडून भाजी घेते आणि त्यातली शेवटची तीन वर्षं फोनवर आधी सांगून. या तीन वर्षांत त्यांनी हे कसं बसवलं ते मी जवळून पाहिलं आहे. त्यात फोटोचा वाटा मला वाटायचा त्यापेक्षा बराच कमी निघाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी धंद्याचं गणित सांगते. मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव पहाटे पाचच्या सुमारास होतो आणि भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर बोलला जातो. एकटीला शंभर जुड्या जड जातात, म्हणून दोघी-तिघी मिळून शेकडा घेतात आणि वाटून घेतात. एका सकाळचा हिशेब मावशींनी मला वहीतून दाखवला होता. मेथी शेकडा ८०० रुपयांना मिळाली, म्हणजे जुडी ८ रुपयांना पडली. त्यांनी अंदाजाने ६० जुड्या घेतल्या, ४८० रुपये गेले. दुपारपर्यंत १५ रुपयांनी ४० जुड्या गेल्या. संध्याकाळी माना टाकलेल्या १२ जुड्या पाच-पाच रुपयांना दिल्या आणि आठ फेकल्या. हाती आले ६६० रुपये. खर्च वजा जाता राहिले १८०, त्यातूनच हमाली आणि रिक्षाचा वाटा.

आता फोन आल्यानंतरची तशीच एक सकाळ. भाव तोच. आदल्या रात्री २६ जुड्यांची मागणी वहीत होती, म्हणून त्यांनी ४० घेतल्या. गेले ३२० रुपये. सांगून ठेवलेल्या २६ आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला १२, सगळ्या १५ रुपयांनी. दोन जुड्या घरी नेल्या. हाती आले ५७० आणि राहिले २५०. माल वीस जुड्यांनी कमी घेतला, विक्रीची रक्कम घटली, तरी पदरात ७० रुपये जास्त पडले. पालेभाजीत नफा विकलेल्या मालावर जितका ठरतो, तितकाच उरलेल्या मालावर ठरतो. दुधी, भोपळा, बटाटा दुसऱ्या दिवशीही विकता येतो. मेथी-कोथिंबिरीला संध्याकाळनंतर किंमत नसते.

म्हणूनच या सगळ्यातला महत्त्वाचा मेसेज रात्री साडेआठचा आहे, फोटो नसलेला. मावशींना वाचता येतं, पण टाइप करायला वेळ लागतो, म्हणून त्या आवाज पाठवतात. ‘‘उद्या मेथी, शेपू, चाकवत बघतीय. कुणाला काय पायजे त्ये नवाच्या आत सांगा. भाव सकाळी सांगते.’’ एवढंच. लिलाव व्हायच्या आधी भाव सांगितला आणि पहाटे बाजार चढला, तर फरक त्यांच्या अंगावर येणार. हे एकदा झालं होतं. कोथिंबीर रात्री १० रुपये सांगितली आणि पहाटे त्यांनाच १४ ला पडली. शब्द दिला म्हणून त्यांनी दहानेच दिली, पण त्या दिवसापासून रात्रीच्या मेसेजमधून भाव गेला.

सुरुवात मात्र फोटोनेच झाली होती, आणि चुकीच्या पद्धतीने. त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि साठ-सत्तर गिऱ्हाइकं त्यात घातली. आठवड्याभरात ग्रुपवर सुप्रभात, वाढदिवस आणि कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराचा शोध सुरू झाला. भाजीचे फोटो त्याखाली गाडले गेले. एका बाईंनी काकडी कडू निघाल्याचं लिहिलं, ते सगळ्यांनी वाचलं आणि त्या दिवशी काकडी कुणी घेतलीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. एका गिऱ्हाइकाला अनोळखी माणसाचे मेसेज येऊ लागले. तिने मावशींना सांगितलं, तसा त्यांनी त्याच संध्याकाळी ग्रुप मोडायला लावला.

मग आली ब्रॉडकास्ट लिस्ट. मेसेज एकदाच पाठवायचा, पण तो प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे येतं. गिऱ्हाइकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एका यादीत २५६ जण बसतात, मावशींना ते पुरून उरतं. अडचण दुसरीच निघाली. यादीत साठ जणी होत्या आणि उत्तरं यायची दहा-बारा जणींची. लोकांना नको असेल, असं धरून त्या गप्प बसल्या होत्या. शेवटी मुलाने पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरून त्याची माहिती उघडली. तिथे मेसेज कुणाला पोचला आणि कुणी वाचला याची नावं असतात. पोचलेल्यांची संख्या निम्मीच होती. कारण साधं आहे: ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे, त्यांनाच जातो. बाकीच्यांना तो जातच नाही आणि आपल्याला कुणी काही पाठवलं होतं याचा त्यांना पत्ताही लागत नाही.

तेव्हापासून नवं गिऱ्हाईक आलं की मावशी नंबर विचारतात, तिथेच मिस्ड कॉल देतात आणि समोर उभं राहून नंबर जतन करवून घेतात. ‘‘नाव काय लिवू नका, नुस्तं भाजी लिवा. म्हंजी सापडंल.’’ माझ्या फोनमध्येही त्या ‘भाजी’ याच नावाने आहेत. स्टेटसवर फोटो ठेवण्याचा प्रयोगही त्यांनी केला, पण तो २४ तासांनी जातो आणि स्टेटस बघणारी बाई बहुधा दुपारी बघते, तोवर पाला संपलेला असतो.

आता फोटो. तो सकाळी सात वाजता येतो, गाळ्यावर माल लागल्यावर, आणि आता त्याबरोबर भाव असतो. पहिल्या वर्षीचे फोटो मी अजून ठेवले आहेत. त्यात टोमॅटो जांभळट आणि पालक करडा दिसतो. ताडपत्री निळी आहे, तिच्यातून येणारा उजेड निळा आणि तोच भाजीवर पडतो. हे लक्षात आल्यावर मावशी टोपली उचलून शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर नेऊ लागल्या. तिथे सावली असते पण वर काही नसतं, त्यामुळे रंग खरा येतो. फोनच्या काचेवर चिखलाचे हात लागलेले असतात. काढण्याआधी पदराने काच पुसली नाही, तर सगळं धुक्यातलं येतं.

फोटोतली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र त्यांचा हात आहे. त्या जुडी मुठीत धरून फोटो काढतात. जुडीला माप नसतं. आजची जुडी मुठीत मावत नाही आणि परवाची दोन बोटांएवढी असते, दोन्ही पंधरालाच. हात दिसला की मला घरबसल्या कळतं की आज एकीत भागेल की दोन लागतील. दुसरा फोटो जुडी उलटी करून, देठाकडून. पाला बाहेरून हिरवा आणि आतून सडका असू शकतो, ते देठाकडून दिसतं. फोटोआधी पाणी मारायचं त्या टाळतात. थेंबांनी भाजी देखणी दिसते, पण ओली जुडी पिशवीत बांधली की दुपारपर्यंत आतून काळी पडते आणि मग संध्याकाळी त्याचाच फोन येतो.

या पद्धतीचं खरं बळ मला गेल्या ऋषिपंचमीला दिसलं. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून परसातल्या, हाताने लावलेल्या भाज्या लागतात आणि प्रत्येकीतलं थोडं थोडंच लागतं. चार जणांच्या घराला अख्खा सुरण कशाला हवा? म्हणून बायका तयार वाटा घेतात. आदल्या वर्षी मावशींनी अंदाजाने तीस वाटे केले होते आणि अकरा उरले. पंचमी उलटल्यावर तो वाटा कुणी विचारत नाही.

यंदा त्यांनी तीन दिवस आधी सुपात एकच वाटा मांडून फोटो पाठवला: अळूची चार पानं, लाल माठ, चार भेंड्या, एक दोडका, पडवळाचा तुकडा, लाल भोपळ्याची पाव किलोची फोड, शंभर ग्रॅम सुरण, अर्धं कणीस आणि मूठभर ओल्या शेंगा. आदल्या रात्रीपर्यंत ४३ घरांनी सांगितलं. त्यांनी ४८ वाटे धरले आणि खरेदीची यादी त्यावरूनच झाली: भोपळा १२ किलो, म्हणजे मोठे दोन, सुरण पाच किलोला थोडा कमी, कणसं २४, अळूची १९२ पानं. अळू त्यांनी नदीकाठच्या एका ओळखीच्या परसातून मोजून आणला. एकीने कळवलं होतं, ‘‘आमच्यात पडवळ नको, दोडका जास्त घाला.’’ त्या पिशवीला वेगळी गाठ होती. सकाळी दहाला दोन वाटे उरले होते आणि ते रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाने नेले.

याला मर्यादा आहेत. सात ते आठ या तासात मावशी पिशव्या भरतात आणि नेमका तोच तास रस्त्यावरच्या विक्रीचा असतो. यादीत आज दीडशेच्या आसपास नंबर आहेत, पण रोज तीसपेक्षा जास्त पिशव्या त्या घेत नाहीत. एकटीच्या हाताला तेवढंच झेपतं. आठवडी बाजाराच्या दिवशी मेसेजच नसतो, कारण खेड्यांतले शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात आणि त्यांच्या भावापुढे मावशींचा भाव टिकत नाही. सांगून न नेणारेही असतात. अकरापर्यंत पिशवी बाजूला राहते, मग ती विकली जाते. दोनदा असं केलेल्या घराला त्या काही बोलत नाहीत. पुढच्या वेळी त्यांच्या नावापुढे वहीत खूण असते आणि त्यांचा माल लिलावात मोजला जात नाही.

मागच्या महिन्यात मी एकदा कोथिंबिरीची जुडी सोडली तर आतला पाला पिवळा आणि चिकट. मी फोटो काढून पाठवला. उत्तर आवाजात आलं, ‘‘ताई, उद्या दुसरी घेऊन जावा. आन् ह्यो फोटू काढू नका फोनमधनं, माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.’’ दुसऱ्या दिवशी जुडी मिळाली. फोटोचं काय केलं ते मी विचारलं. पहाटे लिलावात त्यांनी तो आडत्यासमोर धरला होता, काल याच डागातला माल होता म्हणून. आडत्याने भाव कमी केला नाही. पण त्या दिवशी बोली बोलायच्या आधी मावशींनी ढिगाच्या मधल्या तीन जुड्या सोडून दाखवायला लावल्या, आणि बरोबरच्या दोघी वाकून बघत उभ्या राहिल्या.