मुलाने गेममध्ये पैसे उडवले, तर परतावा कसा मागाल?

समजा, माजरीतल्या एका खाण कामगाराचा फोन मुलाच्या हातात आहे. प्ले स्टोअरवर आधीच शिल्लक भरलेली आहे. मुलगा गेममधली नाणी ७९९ रुपयांना तीनदा घेतो आणि २३९७ रुपये जातात. यूपीआयने थेट पैसे देताना पिन लागतो. शिल्लक वापरताना तो लागत नाही. खरेदीची पडताळणी बंद असेल, तर पासवर्डही विचारला जात नाही.

अशा वेळी ४८ तासांच्या आत play.google.com उघडावे. खात्याच्या Order history मध्ये प्रत्येक खरेदीसमोर Report a problem असते. खरेदी तीनदा झाली असेल, तर तिन्हींची तक्रार वेगवेगळी करावी. GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक जपून ठेवावा. कारण थोडक्यात आणि खरे लिहावे: "अल्पवयीन मुलाने माझ्या परवानगीशिवाय खरेदी केली." ४८ तास उलटल्यास गेम बनवणाऱ्या कंपनीकडे दाद मागावी लागते. परतावा मिळेलच असे नाही. दोन्हीकडे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या तक्रारी जुन्या आहेत. एकदा पासवर्ड दिला की पूर्वी गूगलवर ३० मिनिटे पुन्हा विचारणा होत नसे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आक्षेप घेतल्यावर २०१४ मध्ये गूगलने पालकांना किमान १.९ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. अशी वेळच येऊ नये म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावून ठेवावी.